पुढचा गुडघा का मोडतो? एका वेगवान गोलंदाजाचे आठ आठवडे, फ्रेम-फ्रेमने

तक्रार साधी होती. सतरा वर्षांचा उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज. पहिल्या स्पेलमध्ये चेंडू अंगावर येतो, दुसऱ्या स्पेलमध्ये बॅट्समनला खेळायला भरपूर वेळ मिळतो. त्याच्या प्रशिक्षकांचं निदानही तयार होतं: "चेंडू सोडताना पुढचा गुडघा मोडतो." नेटमागे उभं राहून बघितलं तर तसं दिसायचंही. पण किती मोडतो, प्रत्येक चेंडूला मोडतो का, आणि मोडणं हे कारण आहे की परिणाम, यातलं काहीच उघड्या डोळ्यांनी कळत नव्हतं. चित्रीकरणाचं काम माझ्याकडे आलं ते याच प्रश्नांसाठी.

पुढचा गुडघा एवढा महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. रनअपमध्ये मिळवलेला वेग पुढच्या पायावर अडतो. पाय जमिनीत रोवला गेला की कंबर थांबते आणि वरचं धड तिच्यावरून पुढे फेकलं जातं. हा पाय खांबासारखा टिकला तर रनअपचा वेग खांद्यापर्यंत आणि हातापर्यंत पोचतो. गुडघा दबला तर त्यातला बराचसा वेग मांडीच्या स्नायूंतच जिरतो. वेगवान गोलंदाजांच्या अभ्यासात चेंडू सोडतानाचा सरळ गुडघा आणि जास्त वेग यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. मात्र ताठ पायावर जमिनीचा धक्काही मोठा बसतो. वाढीच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्याचे स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, हे कुठलाही फिजिओ सांगेल. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं की मुलाला "गुडघा ताठ कर" असं कुणीही म्हणायचं नाही. आधी मोजायचं.

कॅमेरा कुठे आणि कसा

फोन एकच, सेकंदाला २४० फ्रेम घेणारा. गोलंदाजाच्या डाव्या हाताला, पॉपिंग क्रीजच्या रेषेवर, खेळपट्टीपासून दहाएक मीटर लांब, ट्रायपॉडवर कंबरेच्या उंचीला. जवळ उभं राहून मोठं चित्र घेण्यापेक्षा लांब जाऊन झूम करणं बरं, कारण जवळून घेतल्यावर चित्राच्या कडेला कोन बिघडतात. मुलाने काळी टाइट पँट घालायची आणि डाव्या पायावर तीन ठिकाणी पांढरी टेप: मांडीच्या हाडाचा कंबरेजवळ बाहेर हाताला लागतो तो उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं बाहेरचं हाड. सैल ट्रॅकपँटवर टेप लावून काही उपयोग नाही. कापड हलतं, पाय नाही.

२४० फ्रेम कशाला, तर हिशेब बघा. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा साधारण नववा भाग जातो. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत तेवढ्यात तीन-चार फ्रेम येतात, आणि चेंडू नेमका सुटतो तो क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मधेच हरवतो. २४० ला तिथे सव्वीस-सत्तावीस फ्रेम मिळतात. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद.

फ्रेमची संख्या पुरेशी असली तरी शटर मंद असेल तर ती वाया जाते. चेंडू सोडताना हाताचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या घरात असतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाला उघडमीट करत असेल तर त्या एका फ्रेममध्ये हात तीन सेंटिमीटर पसरलेला दिसतो. दोन हजाराव्या भागाला केला तर दीड. संध्याकाळी प्रकाश उतरला की फोन गुपचूप शटर मंद करतो. फाइलवर २४० लिहिलेलं असतं, पण हात आणि चेंडू मिळून एक धुरकट पट्टा झालेला असतो. म्हणून शटर हाताने पक्का केला आणि सगळं चित्रीकरण सकाळच्या एकाच वेळेला ठेवलं.

फाइल केबलने उतरवून घ्यायची, मेसेजवरून पाठवायची नाही. पाठवताना ती दाबली जाते आणि कधीकधी फ्रेमही गळतात. उतरवल्यावर ffprobe या प्रोग्रॅमने ही तपासणी दर वेळी:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

दोन्ही आकडे २४० च्या अगदी जवळ हवेत. सरासरी दर बराच खाली दिसला तर फोनने फ्रेममधलं अंतर मध्येच बदललं आहे, आणि मग फ्रेम मोजून वेळ काढता येत नाही. कमांड चालवायची सोय नसेल तर चालू स्टॉपवॉचचं चित्रण करून एका सेकंदात किती फ्रेम येतात ते मोजलं तरी चालतं. पुढचं कोन काढण्याचं काम Kinovea या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ते फुकट आहे, आणि त्यात एकेक फ्रेम पुढे सरकवून तीन बिंदूंवर कोन टेकवता येतो.

क्षण कोणता, हे आधी लिहून ठेवायचं

मोजमापात सगळ्यात मोठा घोळ कोनात होत नाही, तो "कुठल्या फ्रेमला" इथे होतो. पुढचा पाय टेकला म्हणजे नेमकं कधी? या मुलाचा बूट टाचेवर उतरतो. एका फ्रेममध्ये टाच आणि जमीन यांच्यात उजेडाची बारीक फट दिसते. पुढच्या फ्रेममध्ये ती फट मिटलेली असते, पण बूट अजून पुढे सरकतोय. त्याच्या पुढच्या फ्रेमला टाचेचं रबर दबलेलं असतं आणि मागे मातीचा छोटा भुरका उठतो. आम्ही फट मिटलेली पहिली फ्रेम धरली. चेंडू सुटण्यासाठी बोटं आणि चेंडू यांच्यात पहिल्यांदा पार्श्वभूमी दिसते ती फ्रेम. यापेक्षा वेगळी व्याख्याही चालली असती, पण एकदा ठरलेली बदलायची नाही.

दर आठवड्याला एकाच वारी, त्याच वॉर्मअपनंतर, दोन संच: ताजेपणी सहा चेंडू, आणि चार षटकांचा स्पेल टाकून झाल्यावर शेवटचे सहा. मोजणारे आम्ही दोघं. क्लिपची नावं तिसऱ्या माणसाने उलटीपालटी केलेली, म्हणजे समोरचा चेंडू कुठल्या आठवड्याचा, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसायचं. हे मला फार गरजेचं वाटतं. सुधारणा व्हावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याचा माउसचा बाण नकळत एखादा मिलिमीटर सोयीच्या बाजूला टेकतो, आणि गुडघ्यावर तेवढ्याने दोन अंश सहज फिरतात.

सुधारणा शोधण्याआधी आमची स्वतःची चूक मोजली. तेच चेंडू दोघांनी वेगवेगळे मोजले तेव्हा कोनात साधारण तीन अंशांचा फरक पडत होता. शिवाय मुलगा काही यंत्र नाही. एकाच संचातल्या चेंडूंमध्ये कोन सरासरीच्या चारेक अंश इकडेतिकडे होत होता. सहा चेंडूंची सरासरी घेतली की हे हेलकावे बरेच शमतात, पण पूर्ण नाही. हिशेब करून ठरलं की दोन आठवड्यांच्या सरासरीत पाच अंशांहून कमी फरक असेल तर त्याला सुधारणा म्हणायचं नाही, आणि घसरणही म्हणायचं नाही. हा आकडा कागदावर लिहून प्रशिक्षकांनाही दिला.

पहिल्या आठवड्यात काय दिसलं

पाय पूर्ण सरळ म्हणजे १८० अंश. ताजेपणी पाय टेकताना गुडघा सरासरी १६३ अंशांवर होता आणि चेंडू सोडताना १४३ वर. म्हणजे सेकंदाच्या त्या नवव्या भागात तो वीस अंश दबत होता. स्पेलच्या शेवटी सोडतानाचा कोन १३६ झाला. प्रशिक्षकांची नजर बरोबर होती.

पण कारण शोधण्यासाठी गुडघ्याच्या मागे जावं लागलं. गुडघा दबायला लागतो त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये मुलाची कंबर खाली येत असते. आणखी मागे गेलं तर मागचा, म्हणजे उजवा पाय टेकतो तेव्हा त्याचाही गुडघा खोल वाकतो. त्याच्याही मागे असते ती शेवटची उडी. डाव्या पायावरून उडून उजव्या पायावर उतरताना हा मुलगा हवेत ८४ फ्रेम होता, म्हणजे ०.३५ सेकंद.

हवेतल्या वेळेवरून उडीची उंची निघते, आणि ती कॅमेऱ्याच्या कोनावर अवलंबून नसते म्हणून मला हे मोजमाप फार आवडतं. वर जायला जेवढा वेळ तेवढाच खाली यायला, हे धरलं तर

```
h = g × t² / 8
```

h म्हणजे उंची, t म्हणजे हवेतला वेळ आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण. ०.३५ सेकंदाला १५ सेंटिमीटर येतात. उडताना आणि उतरताना शरीर साधारण सारख्याच ठेवणीत असेल तरच हे खरं. मुलगा गुडघा वाकवून उतरत होता, त्यामुळे खरी उंची थोडी कमी असणार. तरी तुलना करायला आकडा पुरेसा आहे.

बारा चेंडू हवेतल्या वेळेनुसार ओळीने लावले. सगळ्यात कमी उडीच्या चार चेंडूंत सोडतानाच्या कोनाची सरासरी १४५ अंश होती, सगळ्यात उंच उडीच्या चार चेंडूंत १३५. दमल्यावर उडी आणखी उंच होत होती, ८८ फ्रेम. तो दमलेला असताना जोर लावायला जायचा आणि जोर वरच्या दिशेने निघायचा. दमणं आणि उडी यांची इथे सरमिसळ होते, म्हणून फक्त ताजे सहा चेंडूही वेगळे बघितले. कल तोच होता. बारा चेंडूंवरून काही सिद्ध होत नाही, पण कुठे हात घालायचा ते कळलं. मुलगा वरून खाली पडत होता. मागचा पाय ते पडणं झेलताना दबायचा, पुढे जाण्याचा वेग तिथेच मोडायचा, आणि पुढचा पाय टेकायचा तेव्हा कंबर अजून खालीच येत असायची. त्या वजनाखाली गुडघा टिकणार कसा?

मुलाला बारा चेंडू लॅपटॉपवर दाखवले तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं, "सर, आधी एकदा सांगितलं होतं गुडघा सरळ ठेव म्हणून. तेवढं लक्षात ठेवलं की रनअपच विसरतो मी." त्यामुळे सरावातून गुडघा हा शब्दच काढून टाकला. प्रशिक्षकांनी एकच सूचना ठेवली: "उंच नको, पुढे जा." पाच पावलांच्या छोट्या रनअपपासून सुरुवात, उतरण्याच्या जागी खूण, आणि ती खूण हळूहळू पुढे. एका पायावर उतरून स्थिर होण्याची ताकद फिजिओने वेगळी करून घेतली, आणि आठवड्याचे एकूण चेंडूही त्यांनीच ठरवले.

तिसऱ्या आठवड्यातली फसवी उडी

तिसऱ्या आठवड्यात सोडतानाचा कोन एकदम १४७ निघाला. चार अंश वर. पाच अंशांच्या रेषेच्या आतच, पण इतका जवळ की सगळ्यांचे चेहरे खुलले. त्या दिवशी मात्र शेजारच्या जाळीचं काम चालू असल्यामुळे ट्रायपॉड नेहमीच्या जागी मावला नव्हता.

अशा वेळी चित्रातच तपासणी करता येते. स्टंपची उंची ७१.१ सेंटिमीटर. स्टंपपासून पॉपिंग क्रीज १.२२ मीटर. मधल्या स्टंपच्या समोर पॉपिंग क्रीजवर सरावातला एक छोटा शंकू ठेवला की ही आडवी आणि उभी दोन्ही अंतरं एकाच प्रतलात येतात, आणि त्यांचं गुणोत्तर १.७२ यायला हवं. कॅमेरा तिरपा झाला तर उभी उंची तशीच राहते, आडवं अंतर आखडतं. त्या दिवशी गुणोत्तर १.४९ निघालं. म्हणजे कॅमेरा साधारण ३० अंशांनी तिरपा होता. आणि तेवढ्या तिरपेपणात आडवं सगळं आखडल्यामुळे ३७ अंशांचा मोड ३३ अंशांचा दिसतो. दिसलेली सगळी सुधारणा नेमकी तेवढीच होती.

त्या आठवड्याचे कोन टाकून दिले. हवेतल्या फ्रेम मात्र ठेवल्या, कारण पाय सुटला कधी आणि टेकला कधी, हे तिरप्या चित्रातही तसंच दिसतं. त्यानंतर हे गुणोत्तर दर सत्राच्या पहिल्या फ्रेममध्ये काढायचा नियम झाला, १.६८ च्या खाली गेलं की चित्रीकरणाआधी ट्रायपॉड हलवायचा.

पुढचे आठवडे

चौथ्या आठवड्याला हवेतला वेळ ७७ फ्रेमवर आला होता, पण गुडघा १४४ वर. म्हणजे उडी बदलली, परिणाम नाही. प्रशिक्षक थोडे अस्वस्थ झाले. मला स्वतःला ते आकडे वाईट वाटले नाहीत. आधी कारण हललं आणि परिणाम अजून जागचा हलला नाही, हा क्रम आमच्या तर्काशी जुळत होता. गुडघा आधी सुधारला असता आणि उडी तशीच राहिली असती, तर आमचं निदान चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

सहाव्या आठवड्याला ७३ फ्रेम आणि १४९ अंश. पहिल्यांदा पाच अंशांची रेषा ओलांडली. आठव्याला ७२ फ्रेम, म्हणजे उडी ११ सेंटिमीटर, आणि कोन १५२. स्पेलच्या शेवटच्या सहा चेंडूंत १३६ चा कोन १४६ झाला होता. मूळ तक्रार दुसऱ्या स्पेलची असल्यामुळे मी या आकड्याकडे जास्त बघत होतो.

पाय टेकतानाचा कोन १६३ वरून १६५ झाला, म्हणजे आमच्या हिशेबाने बदललाच नाही. हे चांगलं होतं. मुलगा पाय ताठ करून आपटत नव्हता. तो पूर्वीसारखाच टेकत होता, फक्त नंतर कमी दबत होता. वीसऐवजी तेरा अंश. पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ २९ फ्रेमवरून २६ वर आला. पाठीत किंवा नडगीत दुखतंय का, हे फिजिओ दर सत्राला विचारत होते. तसं काही निघालं नाही.

वेगासाठी रडार गन नव्हती. दुसरा फोन गोलंदाजाच्या हातामागे ठेवून, स्टंपच्या अगदी मागे कापडाचा पडदा टांगला आणि चेंडू सुटल्यापासून पडद्यावर आदळेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. सुरुवातीला १५१, आठव्या आठवड्यात १४७. अंतर साडेअठरा मीटर धरलं तर सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटरवरून १०९ च्या आसपास येतो. हा हातातून सुटतानाचा वेग नव्हे. टप्पा आणि हवा यांनी मंदावलेल्या चेंडूची ही सरासरी आहे. शिवाय टप्पा बदलला की वेळही बदलतो, म्हणून गुड लेंग्थवर पडलेलेच चेंडू मोजले. तीन किलोमीटर हा आकडा मी अंदाज म्हणूनच देतो. दोन टोकांना एकेक फ्रेम चुकली तर दीड किलोमीटर इकडेतिकडे होतो.

सामन्यात

नवव्या आठवड्यात सामना होता. आयोजकांच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं, सेकंदाला ६० फ्रेम, गोलंदाजाच्या हातामागून. तिथून गुडघ्याचा कोन काढण्यात अर्थ नाही, आणि आम्ही काढलाही नाही. हवेतला वेळ काढता येतो. नेटमधल्या ७२ फ्रेम इथे १८ व्हायला हव्यात. एका फ्रेमची चूक इथे मोठी, सतरा मिलिसेकंदांची. पण पहिल्या स्पेलच्या चार षटकांची सरासरी घेतली की ती बरीच विरते. सरासरी २० आली, म्हणजे ०.३३ सेकंद. पहिल्या षटकात २१, चौथ्यात १९.

२१ फ्रेम म्हणजे ०.३५ सेकंद, मुलाची जुनी उडी. नवा चेंडू, समोर खरा बॅट्समन, आणि पहिल्या षटकात तो पुन्हा वर उडत होता. दम बसल्यावर खाली येत होता. नेटमध्ये दमल्यावर बिघडायचं, सामन्यात ताजेपणीच बिघडत होतं. हे नेटमधल्या कुठल्याही आकड्यात दिसलं नसतं, कारण तिथे समोर बॅट्समनच नव्हता.

त्यावरून पुढचा टप्पा असा ठरला: ताजेपणीचे सहा चेंडू आता रिकाम्या स्टंपवर नाही, तर बॅट्समन उभा करून, नव्या चेंडूने आणि धावा मोजून टाकायचे. सामन्यात क्रीजच्या रेषेवर आमचा २४० चा फोन ठेवायला परवानगी मागितली आहे. पहिल्या षटकातली उडी नेटमधल्या ७२ फ्रेमच्या जवळ येईपर्यंत रनअप लांबवायचा नाही, असं प्रशिक्षकांनी मुलाला सांगितलं आहे, आणि त्याला ते पटलं आहे.